लोगोच्या कामात राउंड कसे ठरवायचे आणि जादा राउंडचे पैसे कसे लावायचे

‘दोन राउंड बदल समाविष्ट’ ही ओळ बहुतेक नवे डिझायनर कोटेशनमध्ये लिहितात आणि विषय संपला असं समजतात. पण वाद दोन की तीन यावरून क्वचितच होतो, तो होतो एक राउंड कशाला म्हणायचं यावरून. समजा, क्लायंटनं सोमवारी रंग बदलायला सांगितला, बुधवारी अक्षरं जाड करायला सांगितली आणि शुक्रवारी भागीदाराला दाखवून चिन्हच वेगळं हवं म्हणाला. हा एक राउंड झाला की तीन? तुमच्या हिशेबानं तीन झाले, त्याच्या हिशेबानं अजून पहिलाच चालू आहे, आणि कोटेशनमध्ये याचं उत्तर नाही. अशा वेळी तुम्ही जादा पैसे मागितले तर त्याला ते फसवणुकीसारखं वाटतं. त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही, कारण त्याला आधी कोणी काही सांगितलेलंच नसतं.

म्हणून आकडा नंतर ठरवा, आधी व्याख्या ठरवा.

राउंड म्हणजे नेमकं काय

मी वापरतो ती व्याख्या अशी: क्लायंटच्या बाजूच्या सगळ्यांचं म्हणणं एकत्र करून, एकाच माणसानं, लेखी, एकदाच पाठवलेली बदलांची यादी, त्या यादीवर मी केलेलं काम, आणि ते काम पुन्हा दाखवणं. एवढं सगळं मिळून एक राउंड.

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘सगळ्यांचं म्हणणं एकत्र करून’ असं लिहिलं नाही तर तीन भागीदारांचे तीन मेल येतात आणि त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध असतात. ‘एकाच माणसानं’ असं लिहिलं नाही तर अंतिम शब्द कोणाचा, हे ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडतं, आणि ते तुम्ही करूच शकत नाही. ‘लेखी’ हवं, कारण फोनवर ‘जरा मोकळं वाटू दे’ असं सांगितलं तर तुम्ही अक्षरांतलं अंतर वाढवता आणि त्याच्या मनात चिन्हाभोवतीची जागा असते. ‘एकदाच’ हवं, कारण यादी पाठवल्यावर दोन दिवसांनी आलेली भर ही पुढच्या राउंडची यादी असते, आधीच्या यादीची शेपटी नव्हे.

बदल किती, याला मात्र मी मर्यादा घालत नाही. एका यादीत तीन मुद्दे असोत की बारा, राउंड एकच. नवखे लोक ‘एका राउंडमध्ये पाच बदल’ असं लिहितात. मग एका वाक्यात दोन बदल असतील तर ते एक मोजायचे की दोन, यावर चर्चा सुरू होते. ते टाळा. शिवाय यादी मोठी असली की क्लायंट विचार करून लिहितो, आणि ते दोघांच्याही फायद्याचं असतं.

कोटेशनमध्ये हा मजकूर असा टाकता येईल:

> निवडलेल्या संकल्पनेवर सुधारणेचे 2 राउंड या शुल्कात समाविष्ट आहेत. एक राउंड म्हणजे आपल्या बाजूच्या सर्वांचे अभिप्राय एकत्र करून, नेमलेल्या एका व्यक्तीने ईमेलवर एकदाच पाठवलेली यादी आणि त्यावर आमच्याकडून होणारे काम. यादी पाठवल्यानंतर आलेले नवे मुद्दे पुढील राउंडमध्ये धरले जातील. त्यापुढील प्रत्येक राउंडचे शुल्क खाली दिल्याप्रमाणे असेल आणि ते काम सुरू होण्याआधी देय असेल.

‘नेमलेल्या व्यक्तीचं’ नाव त्याच पानावर लिहून घ्या. ती व्यक्ती अंतिम निर्णय घेऊ शकते ना, हे स्पष्ट विचारा. मार्केटिंग सांभाळणाऱ्या माणसाशी दोन्ही राउंड संपवल्यावर मालक पहिल्यांदाच लोगो बघतो, हा या कामातला सर्वांत महागात पडणारा प्रसंग आहे. त्यावरचा उपाय पहिल्या बैठकीतच करायचा असतो. ‘शेवटी हो कोण म्हणणार? ते संकल्पना बघायला बसतील ना?’ एवढे दोन प्रश्न तेव्हा विचारले की बरंच निभावतं.

तीन तऱ्हेचे बदल, तीन वेगळे हिशेब

व्याख्या झाली की बदलांची वर्गवारी करा. सगळे बदल राउंडमध्ये मोजायचे नसतात, आणि सगळे राउंडमध्ये बसतही नाहीत.

पहिली तऱ्हा दुरुस्तीची. टॅगलाइनमध्ये तुमच्याकडून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, मान्य झालेल्या रंगाऐवजी जुना रंग फाइलमध्ये राहिला, यादीतला एक मुद्दा करायचा राहून गेला. हे तुमचं काम आहे. ते फुकट करायचं, लगेच करायचं आणि राउंडमध्ये मोजायचं नाही. पण क्लायंटनं स्वतः चुकीचा मजकूर पाठवला असेल तर ती तुमची चूक नव्हे. तो मुद्दा चालू राउंडच्या यादीत जातो.

दुसरी तऱ्हा सुधारणेची. राउंड असतात ते याच्यासाठी. रेघेची जाडी, अक्षरांमधलं अंतर, चिन्ह आणि नाव यांचं एकमेकांशी प्रमाण, रंगाची छटा, कोपरे किती गोल, टॅगलाइन कुठे बसवायची. संकल्पना तीच राहते, तिचा आकार नेमका होत जातो.

तिसरी तऱ्हा नव्या दिशेची. वेगळं चिन्ह, वेगळ्या स्वभावाचा टाइप, बदललेलं नाव, किंवा ‘आता आम्हाला तरुणांपर्यंत पोचायचंय’ असा बदललेला ब्रीफ. याला राउंड म्हणू नका, जादा राउंडसुद्धा म्हणू नका. हे नवं काम आहे आणि त्याला वेगळं कोटेशन लागतं.

दुसरी आणि तिसरी तऱ्हा ओळखायची एक कसोटी आहे. सांगितलेला बदल मान्य संकल्पनेची फाइल उघडून तिच्यावर करता येतो का, की तुम्हाला पुन्हा कोऱ्या कागदावर स्केच काढायला बसावं लागेल? स्केचपर्यंत मागे जावं लागत असेल तर ती नवी दिशा. रंग निळ्याचा हिरवा करणं ही सुधारणा आहे. ‘पान काढून टाका, त्याऐवजी पूल दाखवा’ ही नवी दिशा आहे, वाक्य कितीही छोटं असलं तरी.

हा फरक कोटेशनमध्ये दोन-दोन उदाहरणं देऊन लिहा. ‘मोठे बदल वेगळे आकारले जातील’ असं मोघम लिहून काही उपयोग नाही. क्लायंटला चिन्ह बदलणं छोटं वाटतं, कारण त्याला पडद्यावर एकच गोष्ट बदललेली दिसते.

किती राउंड द्यायचे

एका साध्या लोगोसाठी संकल्पना निवडल्यानंतर दोन राउंड पुरतात, असं माझं मत आहे. पहिल्यात मुख्य मुद्दे निघतात, दुसऱ्यात बारकावे. निर्णय घेणारे अनेक असतील तर तीन द्या, पण मग तिसऱ्याचे तास फीमध्ये आधीच धरा. ‘कितीही बदल’ असं वचन देऊ नका. निर्णय पुढे ढकलायला काही पडत नाही म्हटल्यावर क्लायंट तो ढकलतच राहतो, आणि काम चांगलं होण्याऐवजी सपक होत जातं.

ब्रँडिंगचं मोठं काम असेल तर राउंड टप्प्यांना जोडा: लोगोला दोन, रंग आणि टाइपच्या मांडणीला एक, लेटरहेड-कार्डांना एक, गाइडलाइन पुस्तिकेला एक. एक टप्पा लेखी मान्य झाला की तो बंद होतो. एका टप्प्यातला न वापरलेला राउंड पुढच्या टप्प्यात चालत नाही, हेही लिहा. नाहीतर कार्ड बनवून झाल्यावर ‘लोगोचा एक राउंड शिल्लक आहे ना’ म्हणून लोगो उघडला जातो, आणि त्याच्यामागून कार्डं, लेटरहेड, पुस्तिका सगळंच बदलावं लागतं.

जादा राउंडचा दर कसा काढायचा

इथे अंदाजानं आकडा टाकू नका. तुमच्या स्वतःच्या फीमधूनच तो निघतो. कोणत्याही चलनात चालावं म्हणून एकूण फी 100 धरू.

एका लोगोला साधारण 50 तास लागतात असं माना: ब्रीफ आणि अभ्यास 10, संकल्पना आणि त्यांचं सादरीकरण 18, समाविष्ट दोन राउंडचे 10, फायनल फायली 8, बैठका आणि मेल 4. म्हणजे एक तास बरोबर 2.

आता एका राउंडला पाच तास कुठे जातात ते बघा. यादी वाचून शंका विचारण्यात अर्धा तास. प्रत्यक्ष बदल अडीच तास. बदललेला लोगो अगदी लहान आकारात आणि एका रंगात तपासणं अर्धा तास, कारण रेघ जाड केली की लहान आकारात अक्षरांतल्या पोकळ जागा बुजतात. सादरीकरणाची पीडीएफ करायला एक तास. पाठवणं आणि त्यावर बोलणं, आणखी अर्धा. नवखे डिझायनर यातले फक्त अडीच तास मोजतात आणि म्हणून त्यांचा दर निम्म्यावर येतो.

पाच तास गुणिले 2, म्हणजे 10. त्यावर थोडी भर घाला, कारण जादा राउंड वेळापत्रकात नसतो आणि दुसऱ्याचं काम बाजूला सारून करावा लागतो. मी साधारण पाचवा हिस्सा घालतो, म्हणजे 12. थोडक्यात, या कामात जादा राउंड एकूण फीच्या 12 टक्के पडेल. हा आकडा कोटेशनमध्ये रकमेच्या रूपात लिहा. टक्के लिहिले की क्लायंटला हिशेब करावा लागतो, आणि ताशी दर लिहिला तर त्याला शेवटी किती पडणार ते कळत नाही. एक राउंड, एक ठरलेली रक्कम, हे त्याला समजतं आणि निर्णय पटकन होतो.

अगदी किरकोळ बदलासाठी अर्ध्या राउंडचा दर ठेवायला हरकत नाही, पण त्याची हद्द घाला: एकच मुद्दा, आणि सादरीकरणाशिवाय थेट फाइल.

फायनल फायली बनल्यावरचा बदल

हा दर वेगळा आणि जास्त असतो, आणि तो का जास्त हे क्लायंटला आधीच सांगावं लागतं. लोगो मान्य झाला की तुम्ही त्याच्या तीन रचना करता: आडवी, उभी आणि फक्त चिन्ह. प्रत्येक रचना चार रूपांत: पूर्ण रंगात, एका रंगात, काळी आणि गडद पार्श्वभूमीसाठी पांढरी. झाली 12 आर्टवर्क. प्रत्येक एसव्हीजी, पीडीएफ, ईपीएस आणि पीएनजीमध्ये दिली की 48 फायली. यानंतर कोणी चिन्हाचा कोपरा थोडा गोल करायला सांगितला तर बदल मिनिटभराचा असतो, पण त्या 48 फायली पुन्हा काढाव्या आणि तपासाव्या लागतात. वरच्या हिशेबात राउंडचे पाच तास आणि फायलींचे आठ, म्हणजे तेरा तास, म्हणजे 26, आणि भर वेगळी.

म्हणून फायनल फायली काढण्याआधी एक मान्यता मेलवर घ्या. त्यात लोगोचं एकच चित्र जोडा आणि विचारा: ‘या चित्रातील लोगो अंतिम म्हणून मान्य आहे का? मान्यतेनंतर सर्व फायली तयार केल्या जातील आणि त्यानंतरच्या बदलांना वेगळं शुल्क लागेल.’ व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर फायली काढायला बसू नका. ‘मान्य’ असा शब्द लेखी येऊ द्या.

काम चालू असताना मोजणी दिसत राहू द्या

राउंड संपल्यावर एकदम सांगितलं की माणूस बिथरतो. प्रत्येक वेळी दिसत राहिलं की त्याला सवय होते. मी हे दोन ठिकाणी करतो. एक, फाइलच्या नावात:

```
logo_B_r1.pdf
logo_B_r2.pdf
logo_B_x1.pdf
```

इथे बी ही निवडलेली संकल्पना, आर म्हणजे समाविष्ट राउंड आणि एक्स म्हणजे जादा. दोन, मेलच्या पहिल्याच ओळीत: ‘सोबत 2 पैकी पहिल्या राउंडचं काम पाठवत आहे.’ दुसऱ्या राउंडची यादी मागताना: ‘हा समाविष्ट राउंडपैकी शेवटचा. यादी पाठवण्यापूर्वी सगळ्यांना एकदा दाखवून घ्यावं, ही विनंती.’ दुसऱ्या राउंडची यादी आली की कामाला लागण्याआधी ती तुमच्या शब्दांत लिहून परत पाठवा आणि ‘एवढंच ना?’ असं विचारा. या मेलनंतर बहुतेक वेळा एक-दोन राहिलेले मुद्दे येतातच. ते आत्ता आले तर त्याच राउंडमध्ये बसतात.

आणि मोजणी तुम्ही स्वतः बिघडवू नका. यादीत नसलेले तीन नमुने ‘सहज सुचलं म्हणून’ जोडून पाठवले की क्लायंटला वाटतं अजून शोध चालू आहे, आणि तो नव्या नमुन्यांवर मतं द्यायला लागतो. एखादी सूचना खरंच महत्त्वाची असेल तर मांडा, पण सोबत तुमची शिफारस आणि तिचं कारण द्या.

एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत

दोन भागीदारांचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे, असं धरू. फी 100, संकल्पना दोन, राउंड दोन, जादा राउंड 12. निर्णय देणार पहिला भागीदार, असं लेखी ठरलं आहे. पहिल्या संकल्पनेत हाताचं चिन्ह आहे, दुसरीत पाठीच्या कण्यासारखी वळणदार रेघ. त्यांनी दुसरी निवडली.

पहिल्या राउंडची यादी येते: रेघ जाड करा, निळ्याऐवजी हिरवा बघू, टॅगलाइन लहान करा. तुम्ही कामाला लागणार तेवढ्यात दुसऱ्या भागीदाराचा फोन येतो. त्यांना रेघ आणखी बारीक हवी आहे. इथे काम सुरू करू नका. दोन्ही म्हणणी एका मेलमध्ये समोरासमोर लिहा आणि पहिल्या भागीदारांना विचारा: ‘रेघेबाबत दोन वेगळी मतं आली आहेत. जाड की बारीक, हे आपण ठरवून कळवलंत की राउंड सुरू करतो.’ या मेलचं शुल्क नाही आणि राउंडही सरलेला नाही. दोन दिवसांनी उत्तर येतं: जाड.

दुसऱ्या राउंडमध्ये हिरव्याची छटा आणि नावातलं अंतर ठरतं. तुमच्याकडून टॅगलाइनमध्ये एक वेलांटी चुकलेली असते. ती दुरुस्त करून तुम्ही लगेच नवी पीडीएफ पाठवता, मोजणी तीच राहते. मग मेल येतो: ‘छान झालंय. फक्त एकदा पहिल्या संकल्पनेतला हात या अक्षरांबरोबर बघता येईल का?’

कसोटी लावा. त्या हाताची रेघ वेगळ्या अक्षरांसाठी काढलेली होती. या अक्षरांशी जुळवायला ती नव्यानं काढावी लागेल, पण कल्पना तयार आहे, ब्रीफही तोच आहे. हे काठावरचं प्रकरण आहे. अशा वेळी मी जादा राउंड धरतो, नवं कोटेशन देत नाही, पण ‘एक राउंड, एकच नमुना’ अशी हद्द घालतो. उत्तर असं जातं:

> नमस्कार, हाताचं चिन्ह या अक्षरांसोबत नक्की बघता येईल. ठरलेले दोन्ही राउंड आता पूर्ण झाले आहेत, त्यामुळे हा जादा राउंड होईल. शुल्क कोटेशनमध्ये ठरल्याप्रमाणे, आणि अंतिम फायली चार कामकाजी दिवस पुढे जातील. यात हाताच्या चिन्हाचा एक नमुना मिळेल. नको असल्यास सध्याचा लोगो अंतिम करून फायलींचं काम आजच सुरू करू शकतो. माझं मत विचाराल तर वळणदार रेघ लहान आकारात जास्त स्पष्ट दिसते. आपण सांगाल तसं करू.

या मेलमध्ये माफी नाही, तक्रारही नाही. ‘नाही’ हा शब्दही नाही. पैसे आणि दिवस दोन्ही सांगितले आहेत, कारण अनेकदा क्लायंटला पैशांपेक्षा तारीख जास्त टोचते. आणि दोन वाटा खुल्या आहेत. त्यांनी हो म्हटलं तर आधी बिल, मग काम. शेवटच्या बिलात जोडू असं म्हणू नका. तोपर्यंत तो राउंड का झाला होता हे दोघांनाही नीट आठवत नाही.

शुल्क माफ करायचं असेल तर

कधी कधी करावंसं वाटतं: क्लायंट चांगला आहे, बदल खरोखर लहान आहे, किंवा लोगोला त्याची गरज आहे असं तुम्हालाच वाटतं. खुशाल करा, पण गुपचूप करू नका. बिलात ‘जादा राउंड 1’ अशी ओळ घाला, पूर्ण रक्कम लिहा आणि खाली तेवढीच सूट दाखवा. गुपचूप केलेला तिसरा राउंड हा क्लायंटच्या लेखी दुसऱ्याचाच भाग असतो, आणि मग चौथा मागताना त्याला काही गैर वाटत नाही.

गप्प बसलेला क्लायंट

राउंड नेहमी जादा मागण्यांमुळेच बिघडतात असं नाही. यादीच येत नाही, दोन महिने जातात आणि एक दिवस ‘उद्या हवंय’ असा फोन येतो. यासाठी दोन वाक्यं कोटेशनमध्ये घाला. एक, प्रत्येक राउंडची यादी सात कामकाजी दिवसांत यावी, नाहीतर पुढच्या तारखा तेवढ्याच सरकतील. दोन, 30 दिवस काहीच कळलं नाही तर काम थांबलं असं धरलं जाईल आणि तोवर झालेल्या टप्प्यांचं बिल दिलं जाईल. पुन्हा सुरू करताना एका जादा राउंडइतकं शुल्क लागेल. ‘सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मान्य समजू’ असंही काही जण लिहितात. लोगोच्या बाबतीत मला ते पटत नाही. न बघितलेला लोगो मान्य धरून तुम्ही 48 फायली काढल्या तर पुढचा वाद त्या फायलींवरच होईल, आणि तेव्हा तुमच्या हातात त्याच्या ‘मान्य’ या एका शब्दाचाही आधार नसेल. त्यापेक्षा काम थांबवून, एक आठवणीचा मेल टाकून दुसऱ्या कामाकडे वळलेलं चांगलं.